मार्शल योजनेचा फॉर्म कुठे मिळतो?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, परवा निमंत्रणपत्रिका वाचून एका गृहस्थांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, ही मार्शल योजना नवी आहे का? सबसिडी किती? आणि फॉर्म कुठे मिळतो?" (हशा) हसू नका. मीही हसलो होतो, पण फोन ठेवल्यावर वाटलं की प्रश्न विचारावा तर असा. 'दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल योजनेतून अमेरिकेने तेरा अब्ज डॉलर वाटले आणि युरोप उभा राहिला' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. कुणाच्या हातात वाटले, ते मात्र कुणी विचारत नाही. या गृहस्थांनी नेमकं तेच विचारलं.

तर ट्रॅक्टरचंच उदाहरण घेऊ. साल १९४९. पॅरिसच्या नैऋत्येला बोस नावाचा गव्हाचा सपाट मुलूख आहे. तिथल्या एका शेतकऱ्याला अमेरिकन ट्रॅक्टर हवाय. पैसे आहेत, पण ते फ्रँकमध्ये. अमेरिकन कारखानदार फ्रँक घेऊन काय करणार? त्याला डॉलर हवेत आणि फ्रान्सच्या तिजोरीत डॉलरचा खडखडाट. युद्धानंतरच्या युरोपचं खरं दुखणं हे होतं. १९४७ पर्यंत कारखाने बऱ्यापैकी सुरू झाले होते, पूल बांधले जात होते, माणसं कामाला लागली होती. पण कोळसा, गहू, कापूस, यंत्रं हे सगळं आणायचं अमेरिकेतून, आणि त्या बदल्यात विकायला हाताशी पुरेसं काही नाही. त्यात १९४६-४७चा हिवाळा असा पडला, की कालवे गोठले आणि कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडून राहिला.

आता योजना काय करते? कारखानदाराला डॉलर देतं अमेरिकन सरकार. ते अमेरिकेतल्या अमेरिकेतच फिरतात. ट्रॅक्टर बोटीत चढतो. आणि आपला शेतकरी? तो पूर्ण किंमत मोजतो, फ्रँकमध्ये. त्याला फुकट काहीही मिळत नाही! सबसिडी शून्य, हे मी त्या गृहस्थांना कळवलंय. (हशा) त्याचे फ्रँक जातात फ्रेंच सरकारच्या एका वेगळ्या खात्यात. याला काउंटरपार्ट फंड म्हणायचे. खातं फ्रान्सचं, पैसा फ्रान्सचा, पण काढायचा तर पॅरिसमधल्या अमेरिकन कार्यालयाची संमती लागे. म्हणजे एकच ट्रॅक्टर दोनदा कामाला आला. एकदा शेतात, आणि दुसऱ्यांदा त्याच्या किमतीतून ऱ्होन नदीवरच्या वीजप्रकल्पात. फ्रान्सने हा पैसा वीज, कोळसा, रेल्वे यांत घातला. ब्रिटनने बहुतेक सगळा सरकारी कर्ज फेडण्यात घातला, कारण ब्रिटिशांचा स्वभाव. पश्चिम जर्मनीने त्यातून कर्जं दिली, ती वसूल केली, परत दिली. तो निधी आजही फिरतोय.

इथे थोडं विषयांतर करतो. व्यवस्थापक घड्याळाकडे बघतायत, पण करतोच. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास आमच्या घरी रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची. (श्रोत्यांतून: "अगदी! अगदी!") बघा, वयं कळली. ती भाकरी थापताना कडेने फाटायची, आणि माझी आई रोज न चुकता कुणाचा तरी उद्धार करायची. अमेरिकेचा की रेशन दुकानदाराचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सांगायचं एवढंच, की पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेलं ते धान्यही आपण रुपयांत विकत घेत होतो, आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या नावावर साठत होते. इतके साठले, की त्यांचं करायचं काय हाच प्रश्न पडला. शेवटी १९७४ साली अमेरिकेच्या राजदूताने आपल्या सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा एक चेक लिहून दिला. कल्पना तीच, युरोपातून आलेली. फरक इतकाच, की तिथे तो पैसा ताबडतोब वीज आणि कोळशात गेला. आमच्या आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "चेक राहू दे, चांगली ज्वारी द्या म्हणावं."

चिठ्ठी आली. दहा मिनिटं! आणि पत्रिकेत छापलेला विषय आहे 'खंडाची फाळणी'. तर आता पळत जाऊ.

फॉर्म कुठे मिळतो, या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच फाळणी. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री मार्शल याने ५ जून १९४७ला हार्वर्डमध्ये भाषण केलं तेव्हा दार सगळ्यांना उघडं होतं, रशियालासुद्धा. पण फॉर्म सामायिक होता. युरोपीय देशांनी एकत्र बसून आपापला हिशेब मांडायचा आणि एकच आराखडा द्यायचा. जूनअखेर रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव सुमारे शंभर सल्लागार घेऊन पॅरिसला आला. शंभर माणसं कुणी नुसता नकार द्यायला नेत नाही. त्याचं म्हणणं, प्रत्येक देशाने आपली यादी वेगळी द्यावी, आमच्या वह्या उघडायच्या नाहीत. ब्रिटन आणि फ्रान्स तयार होईनात. २ जुलैला तो उठून गेला. अमेरिकेत अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण रशियासाठी अमेरिकन काँग्रेसने एक डॉलरही मंजूर केला नसता.

मग चेकोस्लोव्हाकिया. मला याच्यावर तासभर बोलायचं होतं. मॉस्कोने आधी पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांना कळवलं, की योजनेवरच्या पॅरिसच्या परिषदेला जा आणि तिथे गोंधळ घालून बाहेर पडा. दोन-तीन दिवसांत दुसरा निरोप, जाऊच नका. तोवर प्रागने होकार कळवूनही टाकला होता, आणि त्या सरकारचा पंतप्रधान गोटवाल्ड स्वतः कम्युनिस्ट! ९ जुलैला तो आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक मॉस्कोत स्टालिनसमोर बसले. स्टालिनने सांगितलं, पॅरिसला गेलात तर ते सोव्हिएत संघाविरुद्धचं पाऊल धरलं जाईल. दुसऱ्याच दिवशी प्रागने होकार मागे घेतला. फेब्रुवारी १९४८मध्ये तिथे कम्युनिस्टांनी सत्ता पूर्ण ताब्यात घेतली. १० मार्चला मासारिकचा मृतदेह परराष्ट्र खात्याच्या अंगणात, त्याच्या खिडकीखाली सापडला. वॉशिंग्टनमध्ये जे खासदार पैशांवरून कुरकुरत होते, त्यांचा आवाज बसला. ३ एप्रिलला अध्यक्ष ट्रूमनने योजनेच्या कायद्यावर सही केली. मधे चोवीस दिवस. म्हणजे योजनेच्या भीतीने पूर्वेकडची मूठ आवळली, आणि त्या आवळलेल्या मुठीनेच योजना मंजूर करून दिली.

दोन मिनिटं. जर्मनी! जर्मनीच्या कोळशाशिवाय फ्रान्स, हॉलंड उभे राहत नव्हते, आणि जर्मनीत तर बाजार सिगारेटवर चालायचा. जुन्या मार्काला कुणी विचारत नव्हतं. अशा चलनात काउंटरपार्ट खातं उघडून करणार काय? म्हणून २० जून १९४८ला अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या तिन्ही पश्चिम विभागांत नवा मार्क आला, माणशी आधी चाळीस, मग वीस. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचांमागे अचानक भांडी, बूट, लोणी. आता प्रश्न बर्लिनचा, रशियन विभागाच्या मधोमध असलेल्या, पण चौघांत वाटलेल्या शहराचा. जुन्या नोटा पश्चिमेत बाद झाल्या, त्या सगळ्या पूर्वेकडे लोटणार. रशियनांकडे नव्या नोटा छापून तयार नव्हत्या. त्यांनी जुन्याच नोटांवर छोटी कुपनं डकवली. लोक त्याला 'वॉलपेपर मार्क' म्हणू लागले, कारण डिंक धड नव्हता आणि कुपनं निघून यायची. पश्चिम बर्लिनच्या नोटांवर 'बी' असा शिक्का. एका शहरात दोन नोटा झाल्या, आणि २४ जूनला बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद.

हो, हो, थांबतो. प्रश्न चहाबरोबर घेऊ.