आलं आलं, ताजं आलं

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी नऊच्या सुमारास आमच्या इंदूरमधल्या लोकमान्यनगरच्या गल्लीत तीन भाजीच्या गाड्या येतात. तिघांच्याही गाडीला कर्णा बांधलेला आहे आणि तिन्ही कर्ण्यांतून एकच आवाज येतो: आलू ले लो, प्याज ले लो, टमाटर ले लो. त्याआधी कचरागाडी तिचं गाणं वाजवून गेलेली असते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला कळावं तरी कसं, की ही गाडी आपल्या नेहमीच्या भैयाची?

गेल्या दिवाळीनंतर आमचा भैया दारात उभा राहिला. "आई, तुम्ही शाळेत मराठी शिकवायच्या ना? माझ्या गाडीसाठी एक मराठी गाणं लिहून द्या. सगळी गल्ली आपल्याच लोकांची आहे." मी म्हटलं, त्यात काय, उद्या ने. प्रत्यक्षात मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मला भाज्यांच्या नावांबद्दल जे कळलं तेच आज सांगणार आहे.

पहिल्या दिवशी मी कागदावर नावं लिहिली. भेंडी, काकडी, मेथी, कोबी, वांगी, तोंडली, कारली. सगळीकडे शेवटी ई. मला वाटलं, यमक तर आयतंच जुळलंय! मग मोठ्यानं म्हणून पाहिलं, "भेंडी घ्या, मेथी घ्या, कोबी घ्या", आणि लक्षात आलं की यात काहीच जुळत नाही. नुसत्या ई-ला ई लावून कानाला गंमत वाटत नाही, कारण मराठीत ई-नं संपणारे शब्द पोत्यानं आहेत. गंमत येते ती त्या ई-च्या आधीचं व्यंजन आणि त्याच्याही आधीचा स्वर जुळला की. भेंडीला मेथी जुळत नाही, शेंडी जुळते. कोबीला धोबी जुळतो. मेथीला तर मला आजतागायत धड काही सापडलेलं नाही. पोथी जवळ येते, पण ए आणि ओ कानाला वेगळे लागतात.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. ज्या नावांना अस्सल जोड मिळते तेवढीच आधी वेगळी काढली. बटाटा आणि काटा. पालक आणि मालक. दोडका आणि मोडका. काकडी आणि वाकडी. कोथिंबीर आणि खंबीर. सुरण आणि पुरण. अळू आणि हळू. यादी बघून मी खूश झाले. पण श्रोतेहो, भाजीवाल्याच्या गाण्यात यमक जुळणं पुरत नाही, त्यानं माल विकला गेला पाहिजे. या यादीतले निम्मे शब्द मालाच्या मुळावरच उठलेले होते. "काकडी वाकडी" म्हटल्यावर काकडी घेणार कोण? "दोडका मोडका" तर त्याहून वाईट. कोथिंबीर-खंबीर ही जोडी इतकी सुरेख की मी त्यावर एक अख्खी ओळ रचली होती. ती वाचून भैया संकोचून म्हणाला, "आई, कोथिंबीर तर आम्ही वरून फुकट देतो." फुकट द्यायच्या जिनसेचं गाणं वाजवलं तर बायका आधी तीच मागणार आणि गाडी तोट्यात जाणार. ओळ गेली.

पालक-मालकची गत आणखी मजेची. "मेथी पालक, घ्या हो मालक." म्हणायला एकदम झकास. शेजारच्या वहिनींना ऐकवली तर त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत भाजी घ्यायला कुठला मालक खाली उतरतो हो?" खरंच की. गिऱ्हाईक सगळ्या बायका, आणि मालकीण काही पालकाशी जुळत नाही.

अळूनं मात्र वेगळाच दगा दिला. "गाडी हळू, घ्या हो अळू" ही ओळ मी कर्ण्यातून वाजवून पाहिली. इंदूरच्या कानांवर दिवसातून शंभर वेळा "आलू" पडत असतं. आमच्या गल्लीत ज्यांनी ज्यांनी ती ओळ ऐकली त्या सगळ्यांनी बटाटेच मागितले. पुण्यात चालली असती, इथे नाही.

आता चालीकडे येते. कागदावरची ओळ छान असली तरी ती गाडीच्या चालीत बसायला हवी. मी जुनं, सोपं माप घेतलं: ओळीत 16 मात्रा, चार-चारचे चार गट. आपल्याकडे याला पादाकुलक म्हणतात. लहान अक्षराची एक मात्रा, मोठ्या अक्षराच्या दोन. ओळीत चार टाळ्या बसल्या की झालं. करून बघा माझ्याबरोबर: कांदा, घ्या हो, आणि ब, टाटा. तिसऱ्या टाळीत बटाट्याचा "ब" "आणि"ला जाऊन चिकटतो, म्हणून ओळ थांबत नाही, लोटत पुढे जाते. हातगाडी ढकलतानाही असंच पाऊल पडतं.

इथे एक अडचण आली. "कारली" हा शब्द लिहिताना का-र-ली, म्हणजे पाच मात्रा. ओळ 17 वर जायला लागली. पण बोलताना आपण "कार्ली" म्हणतो, र-वर कुणी थांबत नाही, आणि मग चारच मात्रा होतात. तोंडलीचंही तसंच, "तोंड्ली". शाळेत मी जन्मभर मुलांना अक्षरं मोजायला शिकवलं. कर्ण्यासाठी लिहिताना तोंड मोजावं लागलं.

सर्वात मोठी फजिती झाली ती बटाट्याच्या जोडीची. माझी पहिली ओळ होती, "कांदा घ्या हो आणि बटाटा, खोटा नाही माझा काटा." मात्रा बरोबर, यमक बरोबर, अर्थही बरोबर. रेकॉर्डिंग करून गाडी गल्लीच्या टोकाशी नेली आणि मी आमच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. लांबून काय ऐकू यावं? "खोटा… काटा." मधलं "नाही" वाऱ्यावर गेलं! लहान कर्ण्यातून ओळीची सुरुवात आणि शेवट पोचतो, मधला हळू उच्चारलेला शब्द बुडतो. म्हणजे आमचा भैया स्वतःच्याच पैशानं गल्लीभर ओरडत होता की माझा काटा खोटा आहे. तेव्हापासून मी एक केलं: गाण्यात "नाही" ठेवायचंच नाही. ओळ बदलली, "पक्का आहे माझा काटा." आता मधलं "आहे" बुडालं तरी "पक्का काटा" उरतो, आणि पक्का म्हटलं की तोंडातून शब्द ठोकल्यासारखा बाहेर पडतो.

कारल्याची आणि तोंडल्याची जोडी मला स्वयंपाकानं दिली. कारली कशाशी जुळतात? भरली. आणि आपण कारली भरूनच तर करतो! तोंडली कशाशी? मांडली. गाडीवर ती ढीग रचून मांडलेलीच असतात. एकाच ओळीच्या पोटात असं यमक आलं की शेवटच्या यमकावर फार भार पडत नाही.

आता मोसमाचं. गाणं एकदा मेमरी कार्डात गेलं की महिनोन्‌महिने तेच वाजत राहतं, आणि भाजी मात्र बदलते. आषाढात कांदेनवमी झाली की जुन्या वळणाच्या घरांतून चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं बंद असतं. तिथे दारात "कांदा घ्या हो" चा गजर बरा दिसत नाही. म्हणून मी सलग कवन लिहिण्याऐवजी दोन-दोन ओळींच्या सुट्या जोड्या केल्या. हवी ती काढा, हवी ती घाला. भाव एकाही ओळीत नाही, तो तर चोइथराम मंडीत रोज पहाटे बदलतो.

हिवाळ्याची जोडी खास आपल्या माळव्याची आहे. गराडू या कंदाला यमक शोधायला मला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही: लाडू. थंडीत सराफ्यात तळलेल्या गराडूवर मसाला भुरभुरून, वर लिंबू पिळून जो खातो, त्याला लाडवाची आठवण होते का, सांगा.

आणि सुरुवातीची ओळ? ती सर्वांत शेवटी सुचली, चहा करताना. आलं ठेचत होते. आलं म्हणजे चहात घालायचं आलं, आणि आलं म्हणजे येऊन पोचलं तेही आलं. शब्द तोच, अर्थ वेगळा. आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात खरं यमक यालाच म्हणतात. शिवाय "आ" हा स्वर कर्ण्यातून फार लांब जातो, आणि आरोळीला लांबवताही येतो.

रेकॉर्डिंग गाद्या ठेवायच्या खोलीत केलं, तिथे आवाज घुमत नाही. भैयानं स्वतःच म्हटलं, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून. माझ्या घड्याळानं एका ओळीला साधारण तीन सेकंद लागले. सगळं म्हणून झाल्यावर थोडी शांतता सोडली, नाहीतर गिऱ्हाइकाचं "अर्धा किलो दे" त्याला ऐकूच यायचं नाही. तर हे ते गाणं, हिवाळ्याचं:

आलं आलं, ताजं आलं,
मंडीमधलं दारी आलं!

कांदा घ्या हो आणि बटाटा,
पक्का आहे माझा काटा!

गाडीवरती मांडली तोंडली,
चिंचगुळानं भरली कारली!

मेथी, पालक आणि गराडू,
थंडी पडली, विसरा लाडू!

पहिल्या दिवशी नऊ वाजता गल्लीच्या टोकाला आरोळी उठली आणि समोरच्या आजी, ज्या एरवी फोनवरून भाजी मागवतात, काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. मागून दोन सुना पिशव्या घेऊन. मी गच्चीवरून बघत होते.

आजी म्हणाल्या, "भैया, शंभर ग्रॅम आलं दे."

भैयानं गाडी चाळली, पोतं उचलून पाहिलं, मग माझ्याकडे वर बघत कान पकडला.

"आजी, आज आलं आलं नाही."