तळापासून गोठणारी पृथ्वी

पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड आहे हे आपण सगळे शाळेत शिकलोय, पण साधारण ५,१५० किलोमीटर खोल गेलं की तेच लोखंड घन होतं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरम तिथेच गोठलेलं, हे जरा नीट समजून घेऊ. हा घन गोळा आहे हे १९३६ साली इंगे लेमन या डॅनिश बाईंनी ओळखलं, तेही न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी बघून. ज्या भागात भूकंपाच्या लाटा पोचायलाच नको होत्या तिथल्या सिस्मोग्राफवर त्या उमटल्या होत्या, म्हणजे आत कशावर तरी आपटून वळल्या होत्या.

आता तापमान बघा. त्या गोळ्याच्या काठावर पाच हजार अंश सेल्सिअसच्या वर आहे, आणि इथे वर आपल्याकडे लोखंड १,५३८ अंशांनाच वितळतं. मग ते आत का वितळत नाही? कारण तिथे प्रेशर आहे वातावरणाच्या तेहतीस लाख पट. वितळायचं म्हणजे अणूंना जागा सोडून इकडेतिकडे सरकता आलं पाहिजे, आणि इतक्या दाबाखाली ती मोकळीकच मिळत नाही, त्यामुळे वितळण्याचं तापमानच वर चढत जातं. खरी गोम पुढे आहे, ती लक्षात घ्या: खोल जाताना प्रत्यक्ष तापमानही वाढतं, पण वितळण्याचं तापमान त्याहून भराभर वाढतं. बाहेरच्या गाभ्यात, म्हणजे या गोळ्याभोवतीच्या लोखंडात, प्रत्यक्ष तापमान वरचढ, म्हणून तिथे द्रव, आणि ५,१५० किलोमीटरवर दोन्ही सारखे होतात, तीच सीमा, त्याखाली घन.

हे कळलं की गोळा वाढतो कसा हे आपोआप कळतं. पृथ्वी हळूहळू थंड होतेय, त्यामुळे ती सीमा जराशी वर सरकते आणि गोळ्यावर लोखंडाचा नवा थर बसतो. वाढ वर्षाला फार तर १ मिलिमीटर धरतात. किरकोळ वाटेल, पण गोळ्याची त्रिज्या १,२२० किलोमीटर आहे, हिशोब केला तर दर सेकंदाला साधारण साडेसात हजार टन लोखंड गोठतं!

आणि गोठताना ते सगळंच बरोबर घेत नाही. द्रवात ऑक्सिजन, सल्फर, सिलिकॉन अशी हलकी मूलद्रव्यं मिसळलेली असतात, ती बरीचशी बाहेरच राहतात, हलकी म्हणून वर चढतात आणि अख्खा द्रव गाभा ढवळतात. या ढवळण्यातूनच आज पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिकून आहे, म्हणजे होकायंत्राची सुई उत्तर दाखवते त्यामागे हे खालचं गोठणं आहे. मागे राहिलेल्या या मिश्रणामुळे उरलेल्या द्रवाचं गोठण्याचं तापमान मात्र थोडं थोडं खाली येतं, म्हणून पुढचा थर बसायला आणखी थंडावा लागतो. आणि तो थंडावा मिळणं वरच्या खडकाळ मॅंटलच्या हातात, तो जेवढी उष्णता वर जाऊ देईल तेवढंच खाली गोठणार.