किडनीच्या गणितातला वंशाचा गुणक

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेत काही वर्षांपूर्वीपर्यंत किडनीच्या तपासणीच्या रिपोर्टवर अनेक ठिकाणी एकाच रुग्णासाठी दोन आकडे छापून येत. एकापुढे लिहिलेलं असे ‘आफ्रिकन अमेरिकन असल्यास’, दुसऱ्यापुढे ‘नसल्यास’. रक्ताचा नमुना एकच, मशीन एकच, तरी पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ सोळा टक्क्यांनी मोठा. म्हणजे रुग्ण कृष्णवर्णीय असेल, तर त्याची किडनी अधिक चांगली चालते असं गृहीत धरलं जाई. हा मोठा आकडा आला कुठून आणि तिथल्या डॉक्टरांनीच त्याला आक्षेप का घेतला, हे आज सांगायचं आहे.

किडनी एका मिनिटात किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते, याला आम्ही जीएफआर म्हणतो. निरोगी तरुण माणसात तो साधारण शंभराच्या आसपास असतो आणि पंधराच्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचं बोलणं सुरू होतं. तो थेट मोजायचा तर शिरेतून एखादं द्रव्य टोचून पुढचे काही तास रक्त आणि लघवीचे नमुने घेत बसावं लागतं. हे रोजच्या ओपीडीत जमण्यासारखं नाही. म्हणून आपण रक्तातलं क्रिएटिनिन पाहतो आणि त्यावरून जीएफआरचा अंदाज बांधतो. रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ असं जे दिसतं, ते मोजमाप नाही, अंदाज आहे. ही गोष्ट रुग्णांना सोडा, अनेक डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. टाकीतल्या पाण्याची पातळी बघून खालचा नळ किती सुटलाय हे सांगायचं असेल, तर वरून किती पाणी येतंय हे माहीत हवं. इथे वरून येणारं पाणी म्हणजे स्नायू आणि काही प्रमाणात आहारातलं मांस. पिळदार अंगाच्या माणसाचं क्रिएटिनिन १.३ असलं तरी किडनी ठणठणीत असू शकते, आणि खंगलेल्या आजीबाईंचं ०.९ असलं तरी किडनी निम्मीच चालत असू शकते. म्हणून सूत्रात वय आणि लिंग घालतात. वय वाढलं की स्नायू कमी होतात, स्त्रियांमध्ये सरासरीने ते कमी असतात, एवढा ढोबळ हिशेब त्यामागे आहे.

वंश या हिशेबात आला १९९९ साली. एमडीआरडी नावाच्या एका मोठ्या अभ्यासातल्या १,६२८ रुग्णांचा जीएफआर द्रव्य टोचून नीट मोजलेला होता. त्यात कृष्णवर्णीय होते साधारण बारा टक्के. क्रिएटिनिन सारखंच असताना या रुग्णांचा मोजलेला जीएफआर सरासरीने थोडा जास्त आहे, असं संशोधकांना दिसलं आणि त्यांनी सूत्राला एक गुणक जोडला. २००९ साली सीकेडी-ईपीआय हे सुधारित सूत्र आलं. त्यातही गुणक राहिला, १.१५९. इथे त्या संशोधकांवर अन्याय करू नये. त्यांनी आकडे बनवले नव्हते, फरक त्यांच्या माहितीत खरोखर होता. प्रश्न कारणाचा आहे. कृष्णवर्णीयांचे स्नायू जास्त असतात, असं कारण पुढे केलं गेलं. त्याला आधार होता काही जुन्या, छोट्या अभ्यासांचा. त्या सूत्रात स्नायू कुणी मोजलेलेच नव्हते. वय आणि लिंगासारखं वंशालाही सूत्रात स्थान मिळालं आणि जगभरच्या लॅबच्या संगणकांत ते जाऊन बसलं.

आता एक उदाहरण करून बघू. समजा पंचावन्न वर्षांचा एक पुरुष आहे आणि त्याचं क्रिएटिनिन ३.६ आहे. २००९ च्या सूत्रात हे आकडे घातले, तर ईजीएफआर येतो १८. तोच माणूस कृष्णवर्णीय आहे असं नोंदवलं, तर येतो २१. तीनचा फरक, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण अमेरिकेत मृत दात्याच्या किडनीसाठी रांगेतला काळ मोजायला सुरुवात होते ती जीएफआर २० किंवा त्याखाली गेल्यावर, नाहीतर डायलिसिस सुरू झाल्यावर. १८ वाल्याचं घड्याळ सुरू झालं. २१ वाल्याला सांगितलं जाणार, ‘अजून वेळ आहे, तीन महिन्यांनी या.’

जरा पुढे जाऊन पाहू. याच वयाच्या गोऱ्या पुरुषाचं क्रिएटिनिन ३.३ झालं की त्याचा आकडा वीसच्या खाली येतो. कृष्णवर्णीय पुरुषाचा ३.७ लाही येत नाही, ३.८ झाल्यावर येतो. ३.३ वरून ३.८ वर जायला कुणाला सहा महिने लागतील, कुणाला दोन वर्षं. आजार किती वेगाने वाढतो त्यावर ते आहे. ज्याचा आजार सावकाश वाढतो, त्याचं नुकसान सर्वांत जास्त, कारण त्याला डायलिसिस टाळून थेट प्रत्यारोपण मिळण्याची खरी संधी होती. नंबर लागायला तिथे अनेक वर्षं लागतात आणि रांगेतला प्रत्येक महिना जमेस धरला जातो.

हे घडत होतं कुणाच्या बाबतीत? अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण तेरा-चौदा टक्के आहेत, पण किडनी निकामी झालेल्यांत ते जवळपास एक तृतीयांश आहेत. ज्या समाजात किडनी सर्वाधिक निकामी होते, त्याच समाजाची किडनी कागदावर अधिक चांगली दाखवली जात होती. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

पहिले आवाज उठवले ते बरेचसे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि तरुण डॉक्टरांनी. त्यांचे प्रश्न साधे होते. आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असतील तर कोणता आकडा घ्यायचा? नायजेरियातून काल आलेला माणूस आणि दहा पिढ्या अमेरिकेत राहिलेला माणूस यांच्या शरीराला एकच गुणक कसा? वंश ही माणसांनी केलेली सामाजिक वर्गवारी आहे. पूर्वजांकडून आलेली एखादी विशिष्ट जनुकं, हा वेगळा विषय. एपीओएल-१ या जनुकाचे काही प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशावळीच्या लोकांत सापडतात आणि त्यांच्या दोन प्रती आल्या तर किडनीविकाराचा धोका खरंच वाढतो. पण ते जनुक तपासता येतं. रुग्णाच्या कातडीवरून ते कळत नाही, कारण बहुसंख्य कृष्णवर्णीयांत त्या जोखमीच्या दोन प्रती नसतातच.

बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने २०१७ मध्येच हा गुणक काढून टाकला होता. २०२० मध्ये नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांनी मिळून तज्ज्ञांचा गट नेमला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्या गटाने वंश नसलेलं नवं सूत्र सुचवलं. आपल्या उदाहरणातला पुरुष नव्या सूत्रात घाला. गोरा असो वा कृष्णवर्णीय, आकडा येतो १९. म्हणजे पूर्वीच्या २१ वाला खाली आला आणि १८ वाला किंचित वर गेला.

पुढचं पाऊल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथे अवयववाटपाची जबाबदारी असलेल्या राष्ट्रीय जाळ्याने २०२२ मध्ये वंशाचा गुणक वापरायला मनाई केली आणि जानेवारी २०२३ पासून प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला मागची कागदपत्रं उघडायला लावली. यादीवरच्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रिपोर्ट शोधायचे, गुणक नसता तर हा माणूस वीसच्या खाली कधी गेला असता ते पाहायचं आणि तेवढा काळ त्याच्या खात्यात जमा करायचा. साधारण वर्षभरात चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा काळ असा दुरुस्त झाला, सरासरी वाढ सुमारे दोन वर्षांची. सूत्रं बदलतात, पण जुन्या सूत्राने झालेलं नुकसान रुग्णागणिक मोजून भरून दिल्याची उदाहरणं वैद्यकात मला फारशी माहीत नाहीत.

मग प्रश्न मिटला का? नाही. गुणक काढला की काही ठिकाणी उलटा फटकाही बसतो. ईजीएफआर तीसच्या खाली गेला की मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बंद करतात. ज्या कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा ३२ होता, तो नव्या सूत्रात तीसच्या खाली येतो आणि कदाचित त्याची गोळी विनाकारण थांबते. भावाला किडनी द्यायला निघालेला निरोगी कृष्णवर्णीय माणूसही कागदावर थोडा कमी भरतो आणि नाकारला जाऊ शकतो. शिवाय क्रिएटिनिनमधला तो सरासरी फरक गुणक पुसल्याने नाहीसा होत नाही. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात संशोधकांनी शरीरातल्या स्नायूंचा अंदाज, लघवीतलं क्रिएटिनिन, आहार हे सगळं हिशेबात धरून पाहिलं, तरी फरक पूर्ण सुटला नाही. म्हणजे स्नायूंची गोष्टही पुरेशी नव्हती. कारण अजून सापडलेलं नाही, आणि जोवर ते सापडत नाही तोवर त्या जागी ‘वंश’ लिहून मोकळं होणं मला मान्य नाही.

त्याच विश्लेषणात एक दिलासा देणारी गोष्टही निघाली. सिस्टॅटिन सी हे दुसरं द्रव्य वापरून जीएफआर काढला, तर वंशाची गरजच लागत नव्हती. सिस्टॅटिन सी शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू किती यावर ते फारसं अवलंबून नाही.

आपल्याकडचे लोक हे ऐकून मला विचारतात, मग भारतीयांसाठी कोणता गुणक? प्रश्न रास्त आहे. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये आपल्या लोकांचा जीएफआर द्रव्य टोचून प्रत्यक्ष मोजला, तेव्हा क्रिएटिनिनवर आधारलेली पाश्चात्त्य सूत्रं तो जास्त दाखवतात असं आढळलं. आपल्याकडे स्नायू कमी, मांसाहार कमी, म्हणून क्रिएटिनिनच कमी तयार होतं. पण म्हणून ‘भारतीय’ असा एक गुणक ठोकून दिला, तर तालमीतल्या पैलवानाला आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण एकाच मापात बसवणार. अमेरिकेत जी चूक झाली तीच ती.

त्यामुळे मी माझ्या ओपीडीत एवढंच करतो. आकडा निर्णयाच्या उंबरठ्यावर असेल, म्हणजे साठच्या, तिसाच्या किंवा विसाच्या आसपास, किंवा रुग्ण फार किडकिडीत, फार पिळदार, पाय कापलेला असेल, तर क्रिएटिनिनच्या जोडीला सिस्टॅटिन सी करून घेतो आणि दोन्हींवरून अंदाज काढतो. २०२४ च्या केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. ही तपासणी सगळ्या गावांत होत नाही आणि क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग पडते. स्टेरॉइड चालू असतील, थायरॉइड बिघडलेलं असेल, शरीरात दाह असेल किंवा रुग्ण धूम्रपान करत असेल, तर हा आकडाही फसवतो. म्हणून रक्त द्यायला जाताना या गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा.