एका सर्किटचे दोन क्यू

[दृश्य: फोंड्याजवळच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. टेबलावर सिग्नल जनरेटर, ऑसिलोस्कोप आणि ब्रेडबोर्ड.]

कॉइल, रेझिस्टर आणि कपॅसिटर, तिन्ही एका ओळीत जोडलेले. कॉइल १० मिलिहेन्रीची, रेझिस्टर १० ओहमचा. कपॅसिटर जेमतेम नखाएवढा. त्यावर 103 छापलंय, म्हणजे १० नॅनोफॅरड. जनरेटरला काहीही जोडलेलं नव्हतं तेव्हा त्याच्या टोकांवर १ व्होल्ट येईल असा तो लावून ठेवला होता. या फिल्ममधले व्होल्टेजचे आकडे आरएमएस आहेत. जिथे शिखराचा आकडा असेल तिथे तसं सांगू.

[पडद्यावर: f₀ = 1 / (2π√(LC))]

हिशेब सांगतो की रेझोनन्स १५.९ किलोहर्ट्झला यायला हवा. या वारंवारतेला कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स १००० ओहम आणि कपॅसिटरचाही १००० ओहम. दोघांवरची व्होल्टेज एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला असतात, म्हणून बेरजेत ती एकमेकांना खाऊन टाकतात. प्रवाहाला अडवायला उरतो तो फक्त रोध.

क्वालिटी फॅक्टर, म्हणजे क्यू, हे याच दोन आकड्यांचं गुणोत्तर: रिअ‍ॅक्टन्स भागिले रोध. १००० भागिले १०, म्हणजे क्यू १००. रेझोनन्सला कपॅसिटरवर स्रोताच्या क्यूपट व्होल्टेज यायला हवं. म्हणजे १ व्होल्टचे १०० व्होल्ट. वहीत हा आकडा लिहून मुलं नॉब फिरवायला लागतात.

[दृश्य: स्कोपचा पडदा, जवळून. लाट हळूहळू उंच होते, मग पुन्हा खाली येते.]

लाट चढते आणि १० व्होल्टपाशी थांबते.

दहा व्होल्ट हीही काही छोटी गोष्ट नाही. जनरेटरने दिलेल्या व्होल्टेजच्या दहापट व्होल्टेज त्या नखाएवढ्या कपॅसिटरवर उभं आहे, आणि मध्ये ना ट्रान्सफॉर्मर, ना अ‍ॅम्प्लिफायर. पण ही फुकटची वीज नव्हे. सर्किटमधून वाहतायत १० मिलिअँपिअर, म्हणजे स्रोत देतोय १० मिलिवॉट, आणि ते सगळे रोधात उष्णता होऊन जातात. कपॅसिटरवरचं मोठं व्होल्टेज दाखवतं ती कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात ये-जा करणारी, साठलेली ऊर्जा.

मग उरलेले ९० व्होल्ट गेले कुठे?

गेले कुठेच नाहीत, ते कधी येणारच नव्हते. सर्किटमधला रोध १० ओहम नाहीच. कॉइल तांब्याच्या बारीक तारेची आहे आणि १६ किलोहर्ट्झच्या आसपास तिचा स्वतःचा रोध ४० ओहम भरतो, त्यात गाभ्यातला ऱ्हासही आला. जनरेटरच्या पोटात ५० ओहम आहेत; बहुतेक जनरेटरच्या आउटपुटजवळ तसं छापलेलंच असतं. दहा, चाळीस आणि पन्नास मिळून शंभर. क्यू झाला १०, आणि स्कोपवरचे १० व्होल्ट बरोबर आहेत.

माझ्या मते या प्रयोगातला खरा शिकण्यासारखा भाग इथून पुढे आहे.

[दृश्य: प्रोब जनरेटरच्या टोकांवर.]

आता नॉब न हलवता जनरेटरच्याच टोकांवर प्रोब लावा. रेझोनन्सपासून दूर असताना तिथे जवळपास १ व्होल्ट होता. रेझोनन्सला तो निम्म्यावर, ०.५ व्होल्टवर आलाय. १० मिलिअँपिअर गुणिले ५० ओहम, अर्धा व्होल्ट जनरेटरच्या आतच खर्च झाला. आता जो विद्यार्थी कपॅसिटरवरच्या १० व्होल्टला या ०.५ व्होल्टने भागतो, त्याचा क्यू येतो २०.

शेजारच्या टेबलावर क्यू बँडविड्थवरून काढतायत. त्यासाठी प्रवाह हवा, म्हणून त्यांनी रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जागा बदलून रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला घेतलाय. हे केलंच पाहिजे, कारण प्रोबची ग्राउंड क्लिप आणि जनरेटरचं ग्राउंड अर्थिंगमधून एकच असतं. क्लिप मध्येच कुठे लावली, तर तिथून ग्राउंडपर्यंतचा सगळा भाग शॉर्ट होतो. कपॅसिटर असा शॉर्ट झाला, तर रेझोनन्सचं शिखर दिसतच नाही, आणि मुलं उगाच जनरेटर बिघडला म्हणतात.

[पडद्यावर आलेख: प्रवाह आणि वारंवारता.]

शिखराला १० मिलिअँपिअर. दोन्ही बाजूंना प्रवाह ७.०७ मिलिअँपिअरवर उतरतो, तिथे शक्ती निम्मी. त्या जागा सापडतात १५.१४ आणि १६.७३ किलोहर्ट्झला. मधलं अंतर, म्हणजे बँडविड्थ, १.५९ किलोहर्ट्झ. १५.९ भागिले १.५९, क्यू १०.

"मॅडम, आमचा वीस आलाय, त्यांचा दहा. कोणाचा चूक?"

"कोणाचाच नाही. तुम्ही मोजलात तो जनरेटरच्या टोकांपासून पुढच्या सर्किटचा. त्यांचा जनरेटरसकट."

याची खातरजमा करता येते. दर वेळी वारंवारता बदलली की जनरेटरचा व्होल्टेज नॉब फिरवून टोकांवर तेच व्होल्टेज पुन्हा आणायचं, आणि मग वाचन घ्यायचं. काम कंटाळवाणं आहे, पण तसं केलं की आलेख अरुंद होतो. निम्म्या शक्तीच्या जागा आता १५.५२ आणि १६.३२ किलोहर्ट्झच्या आसपास येतात, बँडविड्थ ०.८ आणि क्यू २०. कॉइल तीच, कपॅसिटर तोच. म्हणून नुसता क्यू लिहून चालत नाही, कोणता रोध धरला तेही लिहावं लागतं.

एक खबरदारी. जनरेटर पूर्ण उघडला तर तो ७ व्होल्टपर्यंत देऊ शकतो. कपॅसिटरवर मग ७० व्होल्ट येतात, आणि त्यांचं शिखर ९९ व्होल्टला जातं. तुमचा डिस्क कपॅसिटर ५० व्होल्टचा असेल तर तो मरायला टेकलेला आहे, आणि जनरेटरच्या डिस्प्लेवर याची काहीच खूण नसते. साधा मल्टिमीटरही इथे फसवतो. कितीतरी मीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी कमी दाखवतात.

[दृश्य: एका जुन्या घराच्या सोप्यावर रेडिओ. मागचं झाकण काढलेलं, फेराइटची कांडी आणि तिच्यावरची कॉइल दिसते.]

आकाशवाणी पणजीची मध्यम लहरींवरची वारंवारता १२८७ किलोहर्ट्झ. रेडिओतल्या या कांडीवरच्या कॉइलमध्येच स्टेशनचं व्होल्टेज तयार होतं. त्यामुळे कॉइल आणि ट्यूनिंगचा कपॅसिटर वरकरणी समांतर दिसले तरी त्या व्होल्टेजच्या दृष्टीने सर्किट सिरीज आहे. इथे मध्ये ५० ओहमचा जनरेटर नाही. क्यू १०० मिळाला तर कॉइलमधला १ मिलिव्होल्ट कपॅसिटरवर १०० मिलिव्होल्ट होतो, आणि बँडविड्थ सुमारे १३ किलोहर्ट्झ राहते.

मध्यम लहरींवर आपल्याकडे स्टेशनांच्या वारंवारता ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी ठरतात. मग वाटेल, क्यू ३०० करू, शेजारचं स्टेशन अजून नीट गळेल. पण तेव्हा बँडविड्थ ४.३ किलोहर्ट्झ होते, म्हणजे वाहक लहरीच्या दोन्ही अंगांना जेमतेम २.१५. त्यापुढचे आवाजातले वरचे स्वर दबतात, ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येतात. म्हणून शेजारचं स्टेशन गाळण्याचं मुख्य काम रेडिओत पुढच्या, साधारण ४५५ किलोहर्ट्झच्या टप्प्यावर सोपवलेलं असतं. तिथली वारंवारता ठरलेली असल्याने एकाहून अधिक सर्किटं जोडून हवी तेवढी रुंद आणि कडेला सरळ उतरणारी बँडविड्थ बांधता येते.