मधलं शहर आणि त्यातलं वळण

दोन दूरच्या शहरांमधलं अंतर पटकन सांगायचं असेल, तर मधे एक तिसरं शहर शोधायचं आणि पाठ असलेली दोन अंतरं जोडायची, ही युक्ती बहुतेकांना आपसूक सुचते. युक्ती चांगली आहे. पण नुसती बेरीज करून थांबलात, तर उत्तर कधी एका टक्क्याने चुकतं, तर कधी आठ-नऊ टक्क्यांनी. ते कधी किती चुकणार, हे आधीच ओळखता येतं आणि आज मला तेच सांगायचं आहे.

आधी मोजपट्टी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरवला, तेव्हा ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असं धरलं होतं. म्हणून ध्रुव ते विषुववृत्त 10,000 किलोमीटर, पूर्ण घेर 40,000, आणि पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं 20,000 पेक्षा फार दूर असूच शकत नाहीत. त्या 10,000 ला 90 ने भागलं की एका अंशाला 111 किलोमीटर येतात. शहरं साधारण एकाच रेखांशावर असतील, तर एवढंच पुरतं. कैरो 30 अंश उत्तरेला, जोहान्सबर्ग 26 अंश दक्षिणेला. एकूण 56 अंश, म्हणजे सुमारे 6,200 किलोमीटर. खरं अंतर सव्वासहा हजारांच्या आसपास आहे.

खरी गंमत पूर्व-पश्चिम अंतरांत आहे. लंडन ते लॉस एंजेलिस काढू. लंडन-न्यूयॉर्क सुमारे 5,570 आणि न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस सुमारे 3,940, ही दोन अंतरं पाठ आहेत असं धरा. (पाठ करायचं ते हवाई अंतर, रस्त्याचं अंतर इथे मिसळलं की सगळंच बिघडतं.) बेरीज 9,510. भिंतीवरचा नेहमीचा मर्केटर नकाशा पाहिलात, तर न्यूयॉर्क अगदी वाटेवर दिसतं, तिन्ही शहरं जवळपास एका रेषेत. म्हणजे बेरीज बरोबर असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात अंतर 8,750 च्या आसपास आहे. साडेसातशे किलोमीटर जास्त धरले गेले!

याचं कारण पृथ्वीगोलावर दिसतं. लंडन आणि लॉस एंजेलिस या टिंबांवर दोरा ताणून धरा. तो न्यूयॉर्कच्या जवळपासही फिरकत नाही, ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून जातो. न्यूयॉर्कमार्गे जाणं म्हणजे तिथे एक मोठं वळण घेणं, आणि सपाट नकाशा नेमकं हेच वळण लपवतो.

मग गोल हाताशी नसताना वळण किती, हे कसं कळणार? नकाशावर तिन्ही शहरं एका रेषेत दिसत असतील आणि त्यांच्या अक्षांशांची सरासरी 40-45 च्या आसपास असेल, तर दोन टोकांच्या रेखांशांतल्या फरकाचा एक तृतीयांश घ्या. तेवढं वळण लपलेलं असतं. लंडन शून्यावर, लॉस एंजेलिस 118 पश्चिमेला. तिसरा हिस्सा सुमारे 40 अंश. हे एक तृतीयांश कुठून आलं? रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, त्या जवळ येण्यातून. म्हणूनच विषुववृत्तावर हे वळण शून्य होतं आणि उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकावं तसं वाढतं.

आता वळणाचं रूपांतर कपातीत करायचं. दोन्ही टप्पे साधारण सारखे असतील, तर 30 अंशांच्या वळणाला बेरजेतून तीन टक्के कमी करा, 45 ला आठ, 60 ला तेरा आणि काटकोनाला तीस. कपात सुरुवातीला अगदी हळू वाढते आणि मग एकदम चढते, हे ध्यानात ठेवा. लहान वळणांची फिकीर करू नका. आपल्या 40 अंशांना साडेसहा टक्के धरू. 9,510 मधून साधारण 620 गेले, राहिले 8,890. खऱ्या अंतरापासून दीड टक्का लांब. तोंडी हिशेबाला याहून जास्त अचूकता मागू नये. उरलेली चूक मुख्यतः गोलाईची आहे: गोलावरच्या त्रिकोणात समोरची बाजू सपाट कागदावरच्यापेक्षा थोडी आखूडच निघते.

एक टप्पा अगदी छोटा असेल, तर मात्र हे टक्के लावू नका. तेव्हा कपात बहुतांशी त्या छोट्या टप्प्यातूनच होते, एकूण बेरजेच्या प्रमाणात नाही.

आता उलट उदाहरण. लंडन-सिंगापूर सुमारे 10,850, सिंगापूर-सिडनी सुमारे 6,300. बेरीज 17,150, आणि लंडन-सिडनीचं खरं अंतर 17,000 च्या आसपास. एवढ्या लांबच्या प्रवासात फक्त एक टक्का फरक, कारण सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे आणि खऱ्या वाटेवरून तिथे जेमतेम दहा अंशांचं वळण पडतं. म्हणून पाठ करायला मधली शहरं निवडताना विषुववृत्ताजवळची आधी घ्या.