बोट हललं ते हललं, पण आकडा कुणी विचारला?

माईक नकोय ना? मागे ऐकू येतंय? बरं. नोटीसवर विषय लिहिलाय "ईएमडीआर: टप्पे आणि पुराव्याचं चिकित्सक वाचन". ईएमडीआर म्हणजे आघाताची आठवण मनात धरून हलत्या बोटामागे नजर न्यायची ती थेरपी. वाचायला आहे साकचा २०१६ चा पेपर, तो सगळ्यांनी वाचलाय असं मी धरून चालते, नसेल वाचला तर निदान मान तरी हलवा. चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली आठ प्रोजेक्टरने खाल्ली.

पेपरकडे जायच्या आधी आपल्या डिपार्टमेंटच्या दिव्याची गोष्ट सांगू दे. जुन्या लोकांनी ऐकलीये, त्यांनी चहा घ्या.

मी ईएमडीआरचं ट्रेनिंग घेऊन आले तेव्हा हात भरून आला होता अक्षरशः. पेशंटच्या डोळ्यांसमोर दोन बोटं डावीकडून उजवीकडे, एका सेटला चोवीस-तीस फेऱ्या, आणि असे एका सेशनला कितीतरी सेट. खांद्याची वाट लागते. तिथे कुणीतरी म्हणालं की लाईट बार मिळतो, स्टँडवर आडवी पट्टी, त्यात हिरवा ठिपका इकडून तिकडे पळतो, बोटाचं काम तोच करतो. मी उत्साहात मागणीपत्र टाकलं. फाईल चौदा महिने फिरली. पर्चेस कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, ह्या दिव्याने नेमकं बरं काय होतं?" मी वीस मिनिटं बोलले, प्रक्रिया, स्मृती, मेंदूचे दोन गोलार्ध, सगळं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे दिवा बंद ठेवला तर बरं होत नाही का?"

मला राग आला. आता वाटतं की त्या दिवशी खोलीत चांगला प्रश्न विचारणारा माणूस तो एकच होता, कारण हाच प्रश्न मी ट्रेनिंगमध्येही विचारला होता, की बोट स्थिर धरलं तर काय होईल, आणि उत्तर मिळालं होतं "प्रोटोकॉल इज प्रोटोकॉल". आणि मी ते वहीत लिहून घेतलं! दिवा शेवटी आला. सहा महिने वापरला, मग अ‍ॅडॅप्टर गेला, मग वॉर्डातल्या मुलांनी दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून गणपतीच्या मखरात बसवला. बाप्पासमोर हिरवा ठिपका इकडून तिकडे. खर्चाच्या मानाने त्याचा तोच सगळ्यात निर्विवाद उपयोग झाला असं माझं मत आहे.

असो. टप्पे आठ आहेत, पाठ करून परीक्षेत लिहिता येतात, पण मी एका पेशंटवरून सांगते (तपशील बदललेत). ट्रक ड्रायव्हर, पन्नाशीचे, घाटात उतारावर समोरून बाईक सरळ खाली आली. पोलिस केस झाली, चूक यांची नाही असं निघालं, तरी सात महिने गाडी चालवली नाही, रात्री दचकून उठायचे, हेल्मेट घातलेला माणूस दिसला की रस्ता बदलायचे.

पहिला टप्पा हिस्टरी, दुसरा तयारी. तयारीत पेशंटला शांत वाटेल अशी एक जागा मनात पक्की करून घ्यायची, म्हणजे पुढे फार उसळलं तर परतायला ठिकाण असतं. यांनी ट्रकची केबिन निवडली! जिथे अपघात झाला तीच. मग दोन दिवस विचार करून गावची विहीर आणली. माणूस आधीच बधिर होत असेल, डिसोसिएट होत असेल, तर इथेच थांबायचं असतं, पुढे पळायचं नाही.

तिसरा टप्पा असेसमेंट, आणि रेसिडेंट सगळ्यात जास्त घोळ इथे घालतात. सगळ्यात वाईट चित्र कोणतं? रस्त्यावर गोल फिरत गेलेलं हेल्मेट. ते आठवलं की स्वतःबद्दल काय वाटतं? आमच्या रेसिडेंटने लिहिलं "मला भीती वाटते". ही भावना झाली. "तो मेला" ही घटना झाली. आपल्याला हवी असते स्वतःविषयीची, आत्ताही खरी वाटणारी समजूत. तीन-चारदा फिरवून विचारल्यावर निघालं, "मी खुनी आहे". त्याच्या जागी काय वाटायला हवंय? "माझ्या हातात होतं ते मी केलं". हे किती खरं वाटतं, एक ते सात? हा व्हीओसी. आता एक ते सात हे माप कुठल्या मराठी माणसाच्या डोक्यात असतं हो? ते बघत राहिले. मी म्हटलं, सोळा आणे खरं म्हणतो ना आपण, त्यातले किती आणे? लगेच म्हणाले, "चार आणे, बाई." आकडा मिळाला, पण तो एक ते सातच्या पट्टीवर बसत नाही आणि कुठल्याही पेपरात छापता येत नाही. त्रास किती, शून्य ते दहा, हा एसयूडी. नऊ.

चौथा टप्पा डिसेन्सिटायझेशन. चित्र, ती समजूत आणि शरीरात जिथे जाणवतंय ते, तिन्ही मनात धरायचं आणि बोटामागे नजर न्यायची. सेट संपला की "सोडून द्या, श्वास घ्या, काय आलं?" जे येईल ते खरं-खोटं न करता "तेच धरा" म्हणून पुढचा सेट. यांच्यात हेल्मेट, मग ब्रेकचा आवाज, मग एकदम धाकटा भाऊ, जो पूर्वी बाईकवरूनच गेला होता. एसयूडी सातवर अडकला, पाच सेट हलेना. मग मी एकच प्रश्न घातला, "तुमच्या भावाला धडकलेला ड्रायव्हर तुमच्या लेखी खुनी आहे का?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नाही. त्याचंही पोर लहान होतं." पुढच्या सेटला चार.

पाचव्या टप्प्यात चांगली समजूत त्या चित्राला जोडून पक्की करायची, सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत अंगात कुठे ताण उरलाय का बघायचं, सातव्यात सेशन नीट बंद करायचं. पण पाचवा सुरू करायला एसयूडी शून्यावर, फार तर एकवर यावा लागतो. साडेपाच वाजत आले होते. मी विचारलं, आता किती? "शून्य." मी खूश, भराभर पुढचे टप्पे उरकले, नोट्समध्ये शून्य. आठवा टप्पा पुढच्या आठवड्यात, पुन्हा तपासणी. विचारलं, हेल्मेट आठवलं तर किती? "चार." मी म्हटलं, गेल्या वेळी शून्य म्हणालात ना? तर म्हणाले, "साडेपाचची एसटी होती, बाई. आणि तुमचा हातही दुखत होता."

हसा, पण ईएमडीआरच्या पुराव्याचं चिकित्सक वाचन माझ्या मते ह्या एका वाक्यात आहे. त्यांना पुढे चार सेशनमध्ये बराच फरक पडला, ट्रक पुन्हा धरला, ते खोटं नाही. पण तो आकडा मी विचारला, मला खूश करायला मिळाला, आणि मीच लिहिला.

...किती? दहा मिनिटं? बरं, मग पळते.

१९८७ मध्ये फ्रान्सीन शपिरो पार्कात फिरताना त्यांच्या लक्षात आलं की डोळे इकडून तिकडे गेले की नकोसे विचार बोथट होतायत. १९८९ चा पेपर: बावीस माणसं, एकच सेशन, मोजमाप मुख्यतः एसयूडी आणि व्हीओसी, थेरपी देणाऱ्या त्या स्वतः. म्हणजे साडेपाचची एसटी. पुढचे ट्रायल्स बरेच सुधारले, तरी जुन्या बऱ्याच ट्रायल्समध्ये तुलना वेटिंग लिस्टशी आहे, आणि काहीच न मिळालेल्या माणसापुढे काहीही मिळालेला माणूस बरा दिसतो. कोयपर्स आणि मंडळींनी २०२० मध्ये सगळं एकत्र केलं, तेव्हा पीटीएसडीमध्ये, म्हणजे आघातानंतर मागे लागणाऱ्या आजारात, कंट्रोलच्या तुलनेत परिणाम मोठा निघाला, इफेक्ट साईज ०.९३, पण त्या सत्तावीस अभ्यासांतले बायसचा धोका कमी असलेले फक्त चार. इतर थेरपींपेक्षा ईएमडीआर थोडी सरस दिसली, आणि चांगले अभ्यास तेवढे ठेवले की ती सरशी गेली. म्हणजे उपचार लागू पडतो, डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये शिफारस केलीच आहे, पण आघातावर काम करणाऱ्या दुसऱ्या चांगल्या थेरपीपेक्षा भारी आहे असं म्हणायला आधार नाही.

आता दिव्याचा प्रश्न. २००१ मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर म्हणाले, डोळे हलवल्याने जास्तीचं काही मिळत नाही. २०१३ मध्ये ली आणि कोयपर्स म्हणाले, मिळतं, क्लिनिकल अभ्यासांत ०.४१. लगेच त्या गणितावर टीकाही झाली. दोन गोलार्धांवाली थिअरी तर मी कमिटीसमोर ठोकून सांगितली होती, पण प्रयोगात डोळे वर-खाली हलवले तरी आठवण तितकीच फिकी होते, मग गोलार्धांचं काय करायचं? सध्या जास्त पटणारं स्पष्टीकरण वर्किंग मेमरीचं आहे. आठवण मनासमोर धरायलाही जागा लागते आणि दुसरं काम करायलाही, जागा एकच, म्हणून चित्र फिकं पडतं. आत्ता करून बघा, सकाळचा नाश्ता डोळ्यांसमोर आणा आणि शंभरातून सात-सात वजा करत जा. पोह्यांचा रंग गेला ना? शेंगदाणे तर दिसतच नसतील. पण हे पोहे आहेत, आणि लॅबमधले बरेच प्रयोग असेच निरोगी विद्यार्थ्यांवर, काही मिनिटांचे. त्यावरून ड्रायव्हरच्या सहा महिन्यांनंतरचं सांगता येत नाही.

म्हणून साकचा पेपर. एकशे एकोणचाळीस पीटीएसडी पेशंट, तीन गट: हलत्या हातामागे नजर, स्थिर हातावर नजर, आणि नजरेला काहीच काम नाही, नुसती आठवण. तिन्ही गट सुधारले. पहिले दोन तिसऱ्यापेक्षा जास्त सुधारले, पण पहिल्या-दुसऱ्यात फरक नाही. इथे रेसिडेंट हमखास म्हणतात, "म्हणजे डोळ्यांचं काही नसतं", तर तसं नाही. नजर बाहेर कशावर तरी ठेवणं उपयोगी दिसतंय, हलवणं नाही. शिवाय फरक सापडला नाही म्हणजे दोन्ही सारखेच असं सिद्ध होत नाही, त्यासाठी आधी ठरवून त्याच प्रश्नाला पुरेसा मोठा अभ्यास लागतो. आणि बोट हलवणारा थेरपिस्ट आंधळा ठेवता येतच नाही, आपण काय करतोय हे त्याला माहीत असतंच. आंधळा ठेवता येतो तो आकडा विचारणारा. प्रत्येक पेपरच्या मेथड्समध्ये आधी तेवढंच शोधा, कॅप्स, म्हणजे पीटीएसडी मोजायची मुलाखत, कुणी घेतला, कधी घेतला, आणि त्याला गट माहीत होता का.

आपल्या ओपीडीत सोमवारपासून हेच करायचंय: थेरपी एकाने द्यायची, आधीचा आणि तीन महिन्यांनंतरचा कॅप्स दुसऱ्याने घ्यायचा, आणि तो शेवटची एसटी सुटायच्या वेळेला घ्यायचा नाही. फॉर्म टेबलावर आहेत. दिवा कुणाला लागला तर मखराच्या सामानात बघा, माळ्यावर, डावीकडच्या खोक्यात.