प्रश्न कुठे संपतो?

सोलापुरात डाळिंब बागायतदारांचा मेळावा असला की भाषणापेक्षा प्रश्नोत्तरंच जास्त रंगतात. त्याचं रेकॉर्डिंग दोन तासांचं. एवढं सलग बघायला कुणाला वेळ आहे? म्हणून त्याचे विषयवार तुकडे करायचे.

एडिटरसमोर आवाजाची पट्टी आहे. जाड दिसतात ते तज्ज्ञ, त्यांच्या शर्टाला माइक आहे. मधले बारीक, दबलेले पट्टे म्हणजे प्रश्न. मागच्या रांगेतून, माइक हातात यायच्या आधीच विचारलेले. नुसती पट्टी पाहिली तरी विषय कुठे बदलत असेल याचा अंदाज येतो. पण अंदाजच. ऐकल्याशिवाय कात्री लावायची नाही.

आता एकेचाळिसाव्या मिनिटाला सांगोल्याचे एक शेतकरी उभे राहतात.
"साहेब, तेल्या आलाय, छाटणी आत्ता करू का? आन् दुसरं, शेजारच्या बागंत मर लागलीय, ती आमच्याकडं येईल का?"

माणूस एक, प्रश्न दोन, डाळिंबाच्या दोन वेगळ्या रोगांवरचे. साहेब आधी उत्तर देतात मरचं, सव्वापंचेचाळीसपर्यंत, आणि मग तेल्याकडे वळतात. मरचा तुकडा सोपा आहे: "आन् दुसरं"पासून कापला की प्रश्न आणि उत्तर सलग मिळतात. तेल्याच्या उत्तराला मात्र प्रश्न चार मिनिटं मागे राहिलाय. तो पहिला अर्धा प्रश्न उचलून उत्तराच्या आधी जोडायचा. आवाज फारच दबला असेल, तर प्रश्न पडद्यावर लिहायचा, शेतकऱ्याच्याच शब्दांत.

उत्तर संपलं, लगेच मोहोळचे एकजण उठतात. पट्टीवर नवा प्रश्न दिसतो, म्हणजे इथे कापायचं? ऐका.
"तेच विचारायचं होतं साहेब. कापलेल्या फांद्यांचं काय करायचं?"

'तेच' म्हणजे विषय तोच. फांद्या बागेबाहेर नेऊन जाळा आणि प्रत्येक कापानंतर छाटणीची कात्री निर्जंतुक करा, हे उत्तर आधीच्या छाटणीच्या सल्ल्याला धरूनच आहे. ते वेगळं काढलं, तर पहिला तुकडा अर्धवट राहतो. म्हणून हद्द पुढे सरकते, थेट सूत्रसंचालक "आता पाण्याचा प्रश्न" म्हणतात तिथपर्यंत. कापायचं त्यांच्या वाक्याच्या आधी, साहेबांच्या शेवटच्या शब्दानंतर अर्धा सेकंद सोडून. नाहीतर शब्दाचं शेपूट तुटतं.

एका प्रश्नावर मात्र ही पद्धत पुरी पडत नाही. कुणीतरी फवारणीचं प्रमाण विचारतं आणि साहेब म्हणतात, "मघाशी सांगितलं तेवढंच." सभागृहात बसलेल्यांना ते माहीत आहे. मोबाइलवर तेवढाच तुकडा बघणाऱ्याला काय कळणार? तो आपल्या मनाने प्रमाण धरेल, आणि झाडावर औषध जास्त पडेल. अशा जागी 'मघाशी'चं वाक्य शोधून आणून जोडायचं. सापडलं नाही, तर तो तुकडा टाकायचाच नाही.